शंभर बोलणाऱ्यांमागे पंच्याऐंशी

२१ मार्च २०२१ या दिवशी वेल्समध्ये जनगणना झाली. तीन वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी त्यात एक प्रश्न होता: तुम्हाला वेल्श समजते का, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का? जे लागू असेल त्यावर खूण करायची. लहान मुलांच्या वतीने अर्थातच घरातल्या मोठ्या माणसाने खूण केली. पुढच्या वर्षी निकाल लागला. वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते. १८९१ साली हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलत, आणि १९११ मध्ये तर त्यांची संख्या पावणेदहा लाखांवर होती.

एवढ्यावरून वेल्श ही मरणपंथाला लागलेली भाषा असं कुणी समजेल, तर ते बरोबर नाही. तिथे वेल्श माध्यमाच्या शाळा आहेत, १९८२ पासून वेल्श दूरचित्रवाहिनी आहे, रस्त्यांवरच्या पाट्या दोन भाषांत आहेत, इंग्रजीच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा आहे. अल्पसंख्य भाषेला सरकारकडून जे मागता येईल ते जवळपास सगळं वेल्शला मिळालेलं आहे. तरी आकडा खाली आला. म्हणूनच वेल्सचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. जिला काहीच मिळालं नाही ती भाषा का खचली, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. सगळं मिळूनही भाषा घसरते तेव्हा गळती नेमकी कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि शोधायचं तर मोजावं लागतं.

मोजायचं काय? बोलणाऱ्यांची एकूण संख्या हा सगळ्यात सोपा आकडा, पण तो फार उशिरा बोलतो. आज ज्या भाषेचे लाखभर बोलणारे आहेत पण त्यातला सगळ्यात तरुण माणूस चाळिशीचा आहे, तिची संख्या अजून वीस वर्षं बरी दिसेल आणि मग एकदम कोसळेल. भाषा सोडण्याचा निर्णय मात्र त्याआधी चाळीस वर्षांपूर्वीच, घराघरात, पाळण्यातल्या मुलाशी बोलताना झालेला असतो. अमेरिकन समाजभाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी १९९१ साली भाषेच्या घसरणीची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्यात संसद, विद्यापीठं, वृत्तपत्रं यांना वरच्या पायऱ्या आहेत. पण सगळ्या रचनेचा टेकू सहाव्या पायरीवर आहे, आणि ती पायरी म्हणजे घर: आजी-आजोबा, आईवडील आणि मुलं एकमेकांशी रोज ती भाषा बोलतात की नाही. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये भाषेचं आरोग्य तपासायला नऊ निकष ठरवले, त्यातही पहिला निकष हाच आहे. एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे भाषा जाते का? याला आपण भाषेचं पिढीसंक्रमण म्हणू.

वेल्सच्या जनगणनेतून हे संक्रमण कसं काढतात ते पाहण्यासारखं आहे. तीन-चार वर्षांची मुलं निवडायची, कारण या वयात शाळेचा हात अजून फारसा लागलेला नसतो. मुलाला जी भाषा येते ती बहुतेक घरातूनच आलेली असते. मग त्या मुलाच्या घरात वेल्श बोलणारी मोठी माणसं किती, हे पाहायचं. २०११ च्या जनगणनेत निघालं ते असं: आई आणि वडील दोघंही वेल्श बोलणारे असतील तर १०० पैकी ८२ मुलांना वेल्श येत होती. दोघांपैकी एकालाच येत असेल तर १०० पैकी ४५ मुलांना.

हे आकडे पहिल्यांदा वाचताना ८२ भरघोस वाटतात आणि ४५ दुबळे. सगळा दोष मिश्र लग्नांवर जातो. वेल्समध्येही अनेकांनी तो तसाच टाकला, आणि आपल्याकडेही बंगळुरूतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांबद्दल बोलताना हेच ऐकू येतं. पण जरा हिशेब करून पाहू. सोयीसाठी धरू की प्रत्येक जोडप्याला दोन मुलं आहेत.

वेल्श बोलणारी १०० माणसं घ्या. त्यातल्या ६० जणांनी आपसात लग्नं केली, म्हणजे जोडपी झाली ३०. त्यांना मुलं ६०, आणि ८२ टक्क्यांनी त्यातली ४९ वेल्श बोलणारी. उरलेल्या ४० जणांनी वेल्श न येणाऱ्यांशी लग्न केलं, म्हणजे जोडपी झाली ४०. त्यांना मुलं ८०, आणि ४५ टक्क्यांनी त्यातली ३६ वेल्श बोलणारी. बेरीज ८५. शंभराच्या जागी पंच्याऐंशी. हाच दर आणि लग्नांचं हेच प्रमाण पुढे चालू राहिलं तर नातवंडांत ७२ आणि पणतवंडांत ६१-६२.

आता आतली वजाबाकी बघा. आपसात लग्न केलेल्या ६० जणांच्या मागे ४९ उरले, म्हणजे शेकडा १८ गेले. मिश्र लग्न केलेल्या ४० जणांच्या मागे ३६ उरले, म्हणजे शेकडा १० गेले. मिश्र घरात भाषा जाणणारं माणूस एकच आहे, त्यामुळे त्याच्या दोन मुलांपैकी एकाला भाषा आली की त्याची जागा भरून निघते. ५० टक्के झाले की तिथे भाषा टिकली, आणि ५० च्या वर गेली तर ती वाढते. दोघांनाही भाषा येणाऱ्या घरात मात्र १०० टक्क्यांखाली जे जे असेल तो निव्वळ तोटा. म्हणजे जो ८२ चा आकडा आपल्याला समाधान देत होता, खरी गळती त्याच्या आत आहे. दोघांनाही वेल्श येत असताना शंभरातली अठरा मुलं ती न बोलता मोठी होतात, ती का?

याचं उत्तर लग्नाच्या आधीच्या दिवसांत सापडतं. दोघं भेटली तेव्हा ती कुठल्या भाषेत बोलत होती? कार्डिफमधल्या एखाद्या कार्यालयात दोन सहकारी भेटतात. दोघांनाही वेल्श येते, पण पहिल्या दिवशी एकमेकांविषयी ते माहीत नसतं, म्हणून इंग्रजी. मैत्री इंग्रजीत, प्रेम इंग्रजीत, भांडणं इंग्रजीत. दोन माणसांच्या नात्याची भाषा एकदा बसली की ती बदलणं किती अवघड असतं, हे ज्याने कुणी करून पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे. मूल होतं आणि ते आईवडील एकमेकांशी जे बोलतात तेच उचलतं. ‘आता आपण इंग्रजीत वाढवू’ असा निर्णय या घरात कुणीही घेतलेला नसतो. वेल्श सरकारने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातही हेच पुढे आलं: बाळाशी कुठल्या भाषेत बोलायचं यावर बहुतेक आईवडील बसून बोललेलेच नव्हते. ज्यांनी स्वतः ती भाषा लहानपणी घरात बोलली होती, ते आपोआप तिच्याकडे वळले. ज्यांनी ती शाळेत मिळवली, त्यांना ती येत असूनही बाळाशी बोलताना तोंडी येईना.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे, कारण वेल्सने गेल्या पन्नास वर्षांत आपला सगळा भार शाळेवर टाकला. ते का, हेही समजण्यासारखं आहे. शाळा सरकारच्या हातात असते, घर नसतं. १९७१ साली शाळकरी वयाच्या सहा-सात मुलांमागे एकालाच वेल्श येत होती. पुढे वेल्श माध्यमाच्या बालवाड्या आणि शाळा वाढल्या, १९९० पासून टप्प्याटप्प्याने सगळ्याच शाळांत वेल्श हा सक्तीचा विषय झाला आणि २००१ मध्ये ५ ते १५ वयोगटातल्या १०० पैकी ४१ मुलांपुढे ‘बोलता येते’ची खूण झाली. सगळीकडे आनंद झाला. २००१ ची एकूण टक्केवारीही जवळजवळ शतकभराच्या उतरणीनंतर पहिल्यांदा वर गेली होती.

मात्र त्या खुणेचा अर्थ काय? इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवड्याचे काही तास वेल्श शिकणारी मुलगी घरी येऊन वेल्शमध्ये एक गाणं म्हणते. तिची आई, जिला स्वतःला वेल्शचं अक्षर कळत नाही, कौतुकाने फॉर्मवर खूण करते. तिच्या शेजारच्या घरात आजीशी, भावाशी, कुत्र्याशीसुद्धा वेल्शच बोलणारा मुलगा आहे, त्याच्याही नावापुढे तीच खूण. जनगणनेला या दोघांतला फरक दिसत नाही. दिसतो तो नंतर, ही मुलं शाळा सोडून पुढच्या वयोगटात गेली की. तिथे टक्केवारी दरवेळी घसरते. त्यातली काही घसरण शिक्षण-नोकरीसाठी वेल्स सोडणाऱ्यांची आहे आणि काही बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे आहे. पण उरलेली घसरण ही शाळा सुटल्यावर भाषाही सुटल्याची आहे, आणि तिला दुसरं नाव देता येणार नाही.

२०२१ मध्ये तर ५ ते १५ वयोगटाचा आकडाच ४० वरून ३४ टक्क्यांवर आला, आणि एकूण घसरण मुख्यत्वे मुलांमुळे झाली. जनगणना कोविडच्या काळात झाली होती, मुलं बराच काळ घरी होती. त्यामुळे आईबापांच्या खुणा करण्यावर काही परिणाम झाला का, यावर तिथे बरीच चर्चा झाली. त्याच सुमारास मुलाखती घेऊन केलेल्या सरकारी लोकसंख्या सर्वेक्षणात वेल्श बोलणारे २९ टक्क्यांच्या आसपास निघत होते. एकाच देशात, एकाच काळात, १७.८ आणि २९! कुणी खोटं बोलत नव्हतं. एकीकडे स्वतः फॉर्म भरायचा, दुसरीकडे मुलाखत घेणाऱ्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. ‘बोलता येते’ म्हणजे किती बोलता आलं पाहिजे हे दोन्हीकडे सांगितलेलं नाही. स्वतःच्या भाषेविषयीचं उत्तर हे बरंचसं स्वतःविषयी काय वाटतं त्याचं उत्तर असतं, आणि ते विचारण्याच्या पद्धतीबरोबर हलतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. निदान तोच प्रश्न, त्याच पद्धतीने, दहा-दहा वर्षांनी विचारलेल्या आकड्यांचीच एकमेकांशी तुलना करावी.

घराकडे थेट वळण्याचा प्रयत्नही वेल्सने केला आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे एक योजना सुरू झाली. सुईणी आणि घरी येणाऱ्या आरोग्य-परिचारिका गरोदर बायकांना तपासतानाच विचारायच्या, बाळाशी कुठल्या भाषेत बोलणार? ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. जो प्रश्न नवराबायकोने एकमेकांना कधीच विचारला नसता, तो त्यांच्यासमोर योग्य वेळी ठेवला जात होता. २०१६ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी दुसरा कार्यक्रम आला. परिणाम? २००१ मध्ये एकालाच वेल्श येणाऱ्या घरांचा दर ४० होता, तो २०११ मध्ये ४५ झाला. दोघांनाही येणाऱ्या घरांचा ८२ होता, तो ८२ च राहिला. पाच टक्क्यांच्या वाढीत सुईणींचा वाटा किती आणि वाढत्या बालवाड्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

वेल्सच्या मोजमापात एक मोठी उणीव मात्र राहिली आहे. जनगणना ‘येते का’ विचारते, ‘घरात बोलता का’ विचारत नाही. कॅनडा ते विचारतो. तिथे मातृभाषा वेगळी नोंदवतात आणि घरात नेहमी बोलली जाणारी भाषा वेगळी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं गेलं. १९८१ मध्ये अशी भाषा मातृभाषा असलेल्या दर १०० माणसांमागे ७६ जणांच्या पातळीवर ती घरात बोलली जात होती. १९९६ मध्ये ६५. पंधरा वर्षांत अकरा अंकांची घट. ही घट एकूण बोलणाऱ्यांच्या संख्येत अजून दिसतही नव्हती, कारण लोकसंख्या वाढत होती. धोका आधी दाखवणारं मोजमाप म्हणतात ते हे. मॉरिशसच्या जनगणनेतही पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा असे दोन वेगळे प्रश्न असतात. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज पहिल्या प्रश्नाला अभिमानाने मराठी लिहितात. दुसऱ्या प्रश्नाला मराठी लिहिणारे त्यांच्या तुलनेत फारच थोडे आहेत, बाकीच्यांच्या घरात क्रिओल आहे. दोन रकाने शेजारी ठेवले की काय गेलं आणि किती गेलं ते लगेच कळतं.

आपल्या जनगणनेत यातला दुसरा रकाना नाही. आपल्याकडे मातृभाषेची व्याख्या अशी: आईने लहानपणी त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती. त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. म्हणजे चाळिशीच्या बाईने दिलेलं उत्तर हे तिच्या आईच्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या घराबद्दलचं असतं. तिची स्वतःची मुलं आज काय बोलतात, हे त्यांच्या नावापुढच्या नोंदीतून कळायला हवं; पण ती नोंदही बहुधा घरातला कर्ता माणूस जात-जमातीच्या ओळखीवरून एकसारखीच सांगून टाकतो. शिवाय १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्या भाषांचे आकडे स्वतंत्र प्रसिद्धच होत नाहीत. २०११ च्या तक्त्यांत १२१ भाषा आहेत. बाकी सगळ्या ‘इतर’.

या ‘इतर’मध्ये आपल्या महाराष्ट्रातली निहाली आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात ती बोलली जाते. बोलणारे असतील दोन-अडीच हजार. तिचं मूळ जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी जोडता आलेलं नाही. कुइपर या डच पंडिताने १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या भाषाशास्त्रज्ञांनीही तिच्यावर काम केलं आहे. तिच्यात कोरकू आणि मराठीतून आलेले शब्द मोठ्या संख्येने आहेत, आणि बोलणारे सगळेच निदान द्विभाषिक आहेत. अशा भाषेसाठी देशाच्या जनगणनेतून ८२ आणि ४५ सारखे आकडे कधीच निघणार नाहीत. तिथे गावात बसूनच मोजावं लागेल.

आणि ते फार खर्चाचं काम नाही. प्रत्येक घरासाठी चार ओळी भरायच्या: आजी-आजोबा एकमेकांशी काय बोलतात, आईवडील एकमेकांशी काय बोलतात, आईवडील मुलांशी काय बोलतात, मुलं आपसात काय बोलतात. भाषा सुटते ती बहुधा शेवटच्या ओळीकडून वर सरकत. मुलं आपसात मराठी बोलायला लागली पण आईवडील मुलांशी अजून निहालीच बोलत असतील, तर त्या घरात काही वर्षं हातात आहेत. आईवडील एकमेकांशी निहाली आणि मुलांशी मराठी बोलायला लागले असतील, तर संक्रमण थांबलेलं आहे, जरी त्या घरातल्या सहाच्या सहा माणसांनी मातृभाषा निहाली सांगितली तरी. आईवडिलांच्या सांगण्यावरही थांबू नये. मुलाला चित्रांची गोष्ट दाखवून ती त्याच्या भाषेत सांगायला लावावी. आजीने विचारलेलं सगळं कळणारं पण उत्तर दुसऱ्याच भाषेत देणारं मूल पुष्कळ घरांत असतं. त्याला ‘भाषा येते’ म्हणून मोजलं की आकडा फसवतो, कारण ते पुढे आपल्या मुलाला ती देऊ शकणार नाही.

देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेने ठरली आहे. ‘घरात मुलांशी कोणती भाषा बोलता?’ हा एक प्रश्न तिच्यात आला तर कोरकू, कोलामी, गोंडी या महाराष्ट्रातल्या भाषांची पुढची तीस वर्षं आपल्याला आजच वाचता येतील. आणि दहा हजारांखालच्या भाषांचे आकडे निदान तालुक्यांच्या तक्त्यांत छापले, तर निहालीची नोंदही सापडेल. हे दोन्ही बदल प्रश्नावली आणि तक्ते ठरवणाऱ्यांच्या हातात आहेत. भाषेचे विभाग, आदिवासी विकासाचं काम पाहणारे अधिकारी आणि आपले खासदार यांनी ते मागितले पाहिजेत. तोवर मेळघाटातल्या, जळगाव जामोदमधल्या, किनवटमधल्या शिक्षकांना विनंती आहे: आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरांसाठी त्या चार ओळी वहीत भरून ठेवा, खाली तारीख घाला, आणि पाच वर्षांनी पुन्हा भरा.